सकाळची हाक चुकवू नका

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीतलं भाषण)

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो आपण सूनबाईजवळ काढत नाही आणि डॉक्टरांसमोरही अगदी उठता उठता काढतो. पोट साफ होत नाही, कोठा जड राहतो, तासन्‌तास बसूनही समाधान होत नाही. तर आज हे मोकळेपणाने बोलू.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. रोज सकाळी झालंच पाहिजे, असा नियम नाही. कुणाला दिवसातून दोन-तीनदा होतं, कुणाला एक दिवसाआड. मऊ होत असेल, जोर लावावा लागत नसेल आणि नंतर मोकळं वाटत असेल, तर ते ठीक आहे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल किंवा लेंड्यांसारखं कडक खडे पडत असतील, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणायचं.

हे कडक का होतं? मोठं आतडं आलेल्या मळातलं पाणी शोषून घेतं. मळ जितका जास्त वेळ आत थांबेल, तितका कोरडा होतो. म्हणून सगळा प्रश्न वेळेचा आहे. वय वाढलं की हालचाल कमी होते आणि आतडंही सावकाश चालतं. त्यात आपणच कळ दाबून ठेवली, तर काम आणखी अवघड होतं.

आता आपल्यासारख्याच एक आजी डोळ्यांसमोर आणू. वय सत्तर, राहायला निफाडकडे. गुडघे दुखतात म्हणून मुलाने घरात कमोड बसवला. दात गेल्यामुळे भाकरी सुटली. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ वरण-भात, रात्री पुन्हा भातच. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी कमी केलं, आणि थंडीत तर तहानही लागत नाही. रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी चालू आहे. सकाळी कळ येते, पण तेव्हा नातवंडांची शाळेची घाई असते, म्हणून त्या थांबतात. दहा वाजता जाऊन बसतात, तेव्हा कळ निघून गेलेली असते. मग रात्री मेडिकलमधून आणलेलं चूर्ण.

या आजींनी कुठून सुरुवात करावी? आधी वेळ. झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला पुढे सरकण्याचा इशारा मिळतो. सकाळी हे जास्त जोरात होतं. म्हणून उठल्यावर एक पेला कोमट पाणी प्यावं, अंगणात थोड्या फेऱ्या माराव्यात, नाश्ता करावा आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जाऊन बसावं. कळ आली असो वा नसो, पाच ते दहा मिनिटं. झालं नाही तर उठावं, कुंथत बसू नये. जोर लावल्याने मूळव्याध वाढते, आणि म्हाताऱ्या माणसाला चक्करही येते. घरातल्यांनाही सांगून ठेवावं की ही दहा मिनिटं आजींची.

दुसरं, बसण्याची पद्धत. आपल्या शेवटच्या आतड्याला एक स्नायू पट्ट्यासारखा मागून वेढा घालतो आणि पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे वाक पडतो. उकिडवं बसलं की तो पट्टा सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. कमोडवर पाय खाली सोडून बसलं की वाक तसाच राहतो. म्हणून आजींनी कमोडपुढे सात-आठ इंच उंचीचा, न हलणारा पाट ठेवावा. त्यावर दोन्ही पावलं टेकवावीत, गुडघे कमरेच्या वर येऊ द्यावेत, कोपरं मांड्यांवर ठेवून जरा पुढे वाकावं. विटा ठेवू नका, त्या सरकतात. उठताना धरायला भिंतीला दांडी असावी.

तिसरं, पाणी. रात्री उठायचं नाही म्हणून दिवसभर तहानलेलं राहणं हा उपाय नव्हे. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत पाच-सहा पेले पाणी संपवावं आणि त्यानंतर लागेल तेवढंच घोटभर घ्यावं. ताक, कढण, पातळ आमटी हेही त्यात धरा. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर तेच माप पाळा.

चौथं, खाणं. मळ मऊ आणि भरीव राहायला चोथा लागतो. टोस्ट, बिस्किट आणि पांढऱ्या भातात तो फार थोडा असतो. दात नाहीत म्हणून भाकरी सोडू नका. बाजरीची किंवा नागलीची भाकरी आमटीत कुस्करून अर्धा तास भिजू द्या. आपल्या पेठ-सुरगाण्याकडची नागली यासाठी उत्तम. मेथी, शेपू, भोपळा मऊ शिजवून घ्या. रात्री दहा-बारा मनुका भिजवून सकाळी पाण्यासकट खा; साखरेचा आजार असेल तर त्याऐवजी पपईची एखादी फोड घ्या. पण हे सगळं एकदम वाढवलं तर पोट फुगतं. दर आठवड्याला एकच बदल करा, आणि चोथ्याबरोबर पाणी वाढवा. पाण्याशिवाय चोथा वाढवला तर त्रास उलटा वाढतो.

आता चूर्णाविषयी. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून हलवते. कधीतरी घेतली तर ठीक, पण महिनोन्‌महिने रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका. इसबगोल वेगळा, तो पाणी धरून मळ मऊ करतो. एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी थोडं पाणी प्या. कोरडा तोंडात टाकू नका आणि घेऊन लगेच आडवं होऊ नका, घशात अडकतो. गिळायला त्रास होत असेल तर घेऊच नका. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात.

मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, असं कितीतरी बायका सांगतात. तंबाखूने आतडं हलतं हे खरं, पण त्यापायी तोंडाचा कॅन्सर ओढवून घ्यायचा का? मशेरीची तीच वेळ कोमट पाणी, फेऱ्या आणि नाश्त्याला द्या. सुरुवातीला जड जाईल, पण शरीर नवी वेळ शिकतं.

लोहाची गोळी, काही रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या यांनीही कोठा बांधला जातो. त्या आपल्या मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि यातल्या कशाने हे होतं, बदलून मिळेल का, असं सरळ विचारा.

एक फसवी खूण लक्षात ठेवा. बरेच दिवस साफ झालेलं नसतं आणि अचानक पातळ पाणी गळू लागतं, कपडे खराब होतात. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. पण आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपतं. अशा वेळी गोळी न देता दवाखान्यात तपासून घ्या.

मळातून रक्त जाणं, वजन घटणं किंवा आजवरची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहणं, हेही डॉक्टरांना दाखवायचं. लोहाच्या गोळीने मळ काळसर होतो. पण गोळी चालू नसताना तो डांबरासारखा काळा आणि चिकट झाला, तर थांबू नका. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आजींनी काय करावं? पहिल्या आठवड्यात फक्त वेळ आणि पाट. दुसऱ्यात पाणी. तिसऱ्यात टोस्टऐवजी कुस्करलेली भाकरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालं त्या दिवशी एक टिंब, कडक झालं तर फुली. महिनाअखेरीस टिंबं वाढली आणि फुल्या घटल्या, तर हेच चालू ठेवावं. नाही घटल्या, तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जावं. सांगायला संकोच वाटला तरी त्यांना ते पाहून कळेल.