स्लॅबला किती गाड्या लागल्या?

पुण्यात हिंजवडीच्या बाजूला 22 मजली निवासी टॉवरचं काम चालू आहे आणि आरसीसीच्या टप्प्यासाठी साइट इंजिनिअर हवा आहे, असं समजू. चार वर्षांचा अनुभव असलेल्या एका उमेदवाराच्या रिझ्युमेतली पहिली ओळ अशी आहे: ‘निवासी प्रकल्पाच्या बांधकामावर देखरेख केली.’ ओळ खोटी नाही. पण दोन मजली बंगल्यावर काम केलेलाही हेच लिहितो आणि 40 मजल्यांच्या इमारतीवर राबलेलाही.

प्रोजेक्ट मॅनेजरला आधी कळायला हवं असतं की या मुलाने पाया केला, आरसीसी केलं, की फिनिशिंग? आणि सेंटरिंग मायवानचं होतं की प्लायचं? हा फरक वरवरचा नाही. मायवानच्या ॲल्युमिनियम साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात. भिंतीतला एखादा वायरिंगचा पाइप टाकायचा राहिला, तर नंतर पक्कं काँक्रीट फोडावं लागतं. प्लायच्या कामात विटांची किंवा ब्लॉकची भिंत मागून येते, तिथे चूक सावरायला जागा असते. म्हणून टॉवर मायवानवर चाललेला असेल, तर रिझ्युमेतला ‘मायवान’ हा एक शब्द बाकीच्या अर्ध्या पानापेक्षा जास्त सांगून जातो. रस्त्याच्या कामावरून आलेल्याने ‘महामार्ग’ एवढंच लिहून थांबू नये. मोऱ्यांचं काँक्रीट आणि ऑटो लेव्हलवर घेतलेल्या पातळ्या यांचा उल्लेख करावा. इमारतीच्या कामाशी त्याचा धागा तिथेच जुळतो.

कामाचा आवाका सांगताना सर्वांत मोठी गफलत होते. ‘3 लाख चौरस फुटांचा प्रकल्प’ हा आकडा कंपनीचा असतो, उमेदवाराचा नसतो. त्याऐवजी त्याने लिहावं: ‘बी विंग, मजला 4,000 चौरस फूट, 11 स्लॅब, रोज सुमारे 60 कामगार.’ मुलाखत घेणारा लगेच विचारेल, एका स्लॅबला काँक्रीट किती लागलं? 4,000 चौरस फूट म्हणजे साधारण 372 चौरस मीटर. स्लॅबची जाडी 125 मिलिमीटर धरली, तर साडेसेहेचाळीस घनमीटर. बीमचं साडेतेरा धरलं तर झाले 60. सहा घनमीटरची गाडी असेल तर दहा गाड्या. क्यूब किती भरले? आयएस 456 प्रमाणे 50 घनमीटरपर्यंत चार नमुने, त्यापुढच्या दहासाठी आणखी एक. एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी 15. सात दिवसांचे वेगळे. जो खरोखर स्लॅबवर उभा होता, त्याला हे सांगायला कागद लागत नाही. ज्याने आकडा दुसऱ्याच्या रिझ्युमेतून उचलला, तो गाड्यांपाशीच अडखळतो.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात ऑटोकॅड, रेव्हिट, स्टॅड, प्रायमाव्हेरा अशी रांग लावायची पद्धत पडली आहे. स्टॅड हे स्ट्रक्चर डिझाइन करणाऱ्याचं साधन. साइटवर त्याची गरज क्वचितच पडते. साइट इंजिनिअरला ऑटोकॅड कशासाठी लागतं ते पाहा. प्लंबिंगचं ड्रॉइंग `XREF` ने स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर चढवलं, की टॉयलेटचा 110 मिलिमीटरचा पाइप थेट बीममधून जाताना दिसतो. हे स्लॅब भरण्याआधी दिसलं, तर सल्लागाराला विचारून पाइप सरकवता येतो. नंतर दिसलं तर बीमला कोअर मारायची वेळ येते, आणि त्यात सळई कापली जाण्याची भीती असते. ‘ऑटोकॅड येतं’ यापेक्षा ‘सर्व्हिस ड्रॉइंग स्ट्रक्चरलशी ताडून बी विंगच्या स्लीव्हची जागा नक्की केली’ ही ओळ कितीतरी वजनदार आहे. ड्रॉइंगची कोणती सुधारित आवृत्ती साइटवर चालू आहे याची नोंद ठेवत असेल, तर तेही लिहावं. जुन्या आवृत्तीवर बांधलेलं स्टील सोडवण्यात अख्खा दिवस जातो.

सुरक्षेची ओळ बहुधा शेवटी येते, आणि तीही ‘सुरक्षेचे नियम पाळले’ एवढीच. हे मनाला लागतं, कारण पडून होणारे जीवघेणे अपघात याच कामात होतात. टॉवरच्या साइटवर प्रश्न सरळ असतात: लिफ्टच्या डक्टला कठडा कोणी लावून घेतला? बाहेरच्या बाजूला काम करणाऱ्याचा हार्नेस कशाला अडकवला होता? पायाच्या खोदाईत दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार दिला होता का? आयएस 3764 ला तो आधार हवाच असतो. आपल्या उमेदवाराने आधी ‘शून्य अपघात’ असं लिहिलं होतं. ते खोडून त्याने लिहिलं: ‘रोज सकाळी टूलबॉक्स टॉक घेतला, कठडा नसलेल्या डक्टमुळे सातव्या मजल्याचं काम अर्धा दिवस थांबवलं.’ मुलाखतीत ठेकेदाराचा तगादा कसा झेलला, हेच त्याला सर्वांत आधी विचारलं जाईल.