मेटफॉर्मिन आणि वर्षातून एकदा बी-१२

काकू, मेटफॉर्मिन आज सुरू करतोय: ५०० मिलिग्रॅमची गोळी, जेवणासोबत. पहिले काही दिवस पोट बिघडेल, ते बहुधा आपोआप थांबतं. मला बोलायचंय ते सावकाश होणाऱ्या गोष्टीबद्दल.

बी-१२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. मेटफॉर्मिनमुळे काही जणांत हे शोषण कमी होतं. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तुम्ही शाकाहारी, दूध-दह्यातून मिळतं तेवढंच बी-१२, म्हणजे साठा आधीच बेताचा असू शकतो.

खरी अडचण पुढे आहे. समजा, चार वर्षांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. घरचे म्हणतील, ‘शुगरमुळे असेल.’ मधुमेहानंही नसा बिघडतात आणि बी-१२ कमी पडल्यानंही. त्रास जवळपास सारखाच. हिमोग्लोबिन व्यवस्थित असलं म्हणून निश्चिंत राहू नका, रक्त कमी न होताही नसांना इजा होते. आणि ती फार काळ राहिली तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

म्हणून आत्ता एकदा आणि मग दरवर्षी एचबीए१सीसोबत बी-१२ तपासू. साधारण २००च्या खाली आलं तर कमतरता. २०० ते ३००मध्ये आलं तर आणखी एक तपासणी लागेल. मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर आधी सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो.

कमी निघालं तरी मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. बी-१२च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देता येतात.