ओ गटाची आई, एबी गटाची मुलगी

बारावीच्या जीवशास्त्रात वंशावळीचा प्रश्न ठरलेला असतो. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, काळा भरलेला आकार म्हणजे लक्षण असलेली व्यक्ती, आडवी रेघ म्हणजे लग्न आणि तिच्यातून खाली उतरणारी रेघ म्हणजे मुलं. आकृती पाहून सांगायचं असतं ते एवढंच, की हे लक्षण प्रभावी आहे की अप्रभावी. दादर-गिरगावच्या क्लासांपासून गावोगावच्या शिकवण्यांपर्यंत यासाठी एक झटपट युक्ती चालते : प्रत्येक पिढीत काळा आकार दिसला तर प्रभावी, मधली पिढी कोरी गेली तर अप्रभावी. परीक्षेतल्या बेतलेल्या आकृत्यांवर ही युक्ती बहुधा चालून जाते. खऱ्या कुटुंबांवर मात्र ती दोन्ही बाजूंनी फसते. वंशावळीतला भक्कम पुरावा पिढ्या मोजून मिळत नाही. तो आई, वडील आणि एक मूल अशा एका त्रिकुटात असतो, आणि तोही कोऱ्या आकारांची खरोखर तपासणी झाली असेल तरच. हे पटवून घ्यायला दूर जायला नको. परळमध्ये सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट त्यासाठी पुरेसा आहे.

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांचा एक छोटा निबंध आला. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या या मंडळींबरोबर लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही सहलेखक होते. निबंधाचा विषय होता तीन माणसांचं रक्त. त्यांच्या तांबड्या पेशी ए-विरोधी द्रवाने गोळा होत नव्हत्या आणि बी-विरोधी द्रवानेही नाही. एवढंच पाहिलं तर गट ओ ठरतो. पण या माणसांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकल्या की त्याही गोळा होत होत्या. म्हणजे ज्यांना ओ म्हणावं, त्यांना ओ गटाचंच रक्त चालत नव्हतं.

याचं कारण पेशीच्या पृष्ठभागावर आहे. तिथे आधी एच नावाचा पदार्थ तयार होतो. ए जनुकाचं विकर त्या एचला एक शर्करा जोडतं, बी जनुकाचं विकर दुसरी. ओ माणसात यातलं काहीच जोडलं जात नाही आणि एच उघडा राहतो. एच तयार करणारं जनुक ए-बी-ओ जनुकाहून वेगळं आहे. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, ए-बी-ओ नवव्यावर. एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर एचच तयार होत नाही, आणि मग ए किंवा बीचं विकर शाबूत असूनही त्याला शर्करा जोडायला जागा मिळत नाही. अशा माणसाच्या शरीराला एच परका वाटतो, म्हणून त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडं असतात. ओ पेशींवर एच भरपूर असतो. त्या गोळा होतात त्या याच कारणाने.

आता वर्गातल्या फळ्यावर काढता येईल अशी एक वंशावळ घेऊ. ती शिकवण्यासाठी बेतलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट या रक्तगटाच्या नियमांत बसणारी आहे. पहिल्या पिढीत वडील बी गटाचे, आई ए गटाची, आणि दोघांमधली लग्नाची रेघ दुहेरी, म्हणजे दोघं एकमेकांचे नातलग. दुसऱ्या पिढीत तीन भावंडं : मोठी मुलगी बी, मुलगा ए, धाकटी मुलगी ओ. धाकटीचं वर्तुळ काळं भरलेलं. तिचा नवरा ए गटाचा, बाहेरच्या घरातला. तिसऱ्या पिढीत तिची दोन मुलं : मुलगा ए, मुलगी एबी. अशा आकृतीचा मोबाइलवर फोटो निघतो आणि तो हातोहात पुढे जातो, तेव्हा नेमकी महत्त्वाची माहिती आधी गळते. दुहेरी रेघ धूसर होऊन एकेरी दिसते. वाहक दाखवणारा अर्धा भरलेला आकार सावलीमुळे पूर्ण काळा वाटतो. कोपऱ्यातली सूची, म्हणजे काळा रंग नेमका कशासाठी आहे ते सांगणारी ओळ, चौकटीबाहेर कापली जाते. यातली शेवटची हानी सर्वांत मोठी. काळं वर्तुळ ‘ओ गट’ दाखवतं की ‘एचचा अभाव’, हे कळल्याशिवाय पुढचं वाचन सुरूच होत नाही.

समजा, काळा रंग ओ गटासाठी आहे. आई कोरी, वडील कोरे, मुलगी काळी. लक्षण प्रभावी असतं तर ते घडवणारी एक प्रत तरी आई किंवा वडिलांकडून मुलीला मिळायला हवी होती, आणि ती एकच प्रत त्या पालकातही दिसायला पुरेशी होती. तशी ती दिसलेली नाही. म्हणून लक्षण अप्रभावी. शिवाय मुलगी काळी असून वडील कोरे आहेत, म्हणून हे जनुक एक्स गुणसूत्रावरचंही नाही. असतं तर वडिलांचं एकमेव एक्स सदोष असायला हवं होतं आणि तेही काळे दिसायला हवे होते. निष्कर्ष पक्का वाटतो : वडिलांकडे बी आणि ओ, आईकडे ए आणि ओ, धाकटीला दोघांकडून ओ. आता काळा रंग एचच्या अभावासाठी आहे असं धरा. तर्क अक्षरशः तोच आणि उत्तरही तेच : अप्रभावी. दुसऱ्या पिढीपर्यंत दोन अगदी वेगळी जनुकं एकच आकृती काढतात. वंशावळ वारशाची रीत सांगते. जनुक कोणतं, ते सांगत नाही.

दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी होतात ती तिसऱ्या पिढीत. एबी मुलीला ए वडिलांकडून मिळालं, मग बी कुठून आलं? ओ आईकडे द्यायला फक्त ओ असतो. अशा वेळी घरात संशयाची सुई पटकन पितृत्वाकडे वळते. पण वडील बदलूनही हे कोडं सुटत नाही, कारण आई खरोखर ओ असेल तर ए आणि बी दोन्ही एकाच पुरुषाकडून यावे लागतील. ए आणि बी एकाच गुणसूत्रावर एकत्र असण्याची अतिदुर्मीळ घटना सोडली तर हे शक्य नाही. उरते ती आईची तपासणी. तिच्या रक्तद्रवाने ओ पेशी गोळा झाल्या आणि एच ओळखणाऱ्या द्रवाने तिच्या पेशी गोळा झाल्या नाहीत, तर ती बॉम्बे गटाची. बी तिच्याकडे होतंच, फक्त दिसत नव्हतं. हे नुसतं कागदावरचं कोडं नाही. १९५५ साली फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबात अशीच वरवर ओ गटाची स्त्री शोधली, जिने आपल्या मुलीला बी दिलं होतं. परळला मिळालेल्या रक्ताचा उलगडा अशा कौटुंबिक पुराव्याने पुढे गेला.

यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की एका त्रिकुटावर एवढा भार का टाकायचा. सगळी मुलं मोजून प्रमाण काढावं, पाव आलं तर अप्रभावी, निम्मं आलं तर प्रभावी. पण वंशावळ काढली जाते ती घरात कोणीतरी बाधित सापडल्यावर, आणि तिथेच प्रमाण बिघडतं. दोन-दोन मुलं असलेली सोळा वाहक जोडपी घ्या. सरासरीने नऊ घरांत एकही मूल बाधित नसेल, सहा घरांत एक असेल आणि एका घरात दोन्ही असतील. नऊ घरं कोणाच्या नजरेला पडणारच नाहीत. उरलेल्या सात घरांतल्या चौदा मुलांपैकी आठ बाधित, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रमाण पाहणारा विद्यार्थी इथे ‘प्रभावी’ लिहून मोकळा होईल. त्याच सातही घरांत आईवडील मात्र कोरे आहेत, आणि ते त्याचं उत्तर चुकीचं ठरवायला पुरेसे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लक्षण सलग दोन-तीन पिढ्यांत दिसलं तर ते प्रभावीच मानायला नको का? बाहेरच्या घरांत लग्नं होत असतील तर बहुधा हो. पण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आणि तिथे आकडे बदलतात. बॉम्बे गटाचं प्रमाण भारतात साधारण दहा हजारांत एक धरलं जातं. त्यावरून हिशेब केला तर सुमारे पन्नासात एक माणूस वाहक निघतो. बॉम्बे गटाच्या पुरुषाने अनोळखी घरातली मुलगी केली तर ती वाहक असण्याची शक्यता पन्नासात एक. मामाची मुलगी केली तर निदान चारात एक. कारण त्याची आई नक्की वाहक आहे, तिचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलीची त्याच्याही निम्मी. ती वाहक निघाली तर त्यांच्या प्रत्येक मुलात लक्षण येण्याची शक्यता निम्मी, आणि आकृती हुबेहूब प्रभावी लक्षणासारखी उभी राहते. म्हणून फोटोत पुसट झालेली ती दुहेरी रेघ एवढी मोलाची. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ साली बॉम्बे गट आणि नात्यातली लग्नं यांच्या संबंधावर स्वतंत्र निबंध लिहिला, तो याच धाग्यावर.

तिसरा आक्षेप माझ्या मुख्य मुद्द्यावरच येतो. कोरे आईवडील आणि काळं मूल हा पुरावाही अभेद्य नाही. प्रभावी दोष असूनही तो दिसत नाही किंवा उशिरा दिसतो, असे आजार आहेत. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात प्रभावी वारशाचं उदाहरण म्हणून मायोटॉनिक डिस्ट्रॉफीची वंशावळ दिली आहे. हा आजार पिढीगणिक तीव्र होत जातो. जुन्या पिढीत कधीकधी मोतीबिंदूपलीकडे काही आढळत नाही. अशा आजोबांचा चौकोन कोरा काढला तर आकृती खोटं बोलेल. दोष बीजपेशीत नव्याने उद्भवला असेल तरीही आईवडील कोरे आणि मूल काळं दिसेल. हा आक्षेप मान्यच करावा लागतो, आणि म्हणूनच मी सुरुवातीला अट घातली : कोरा आकार म्हणजे तपासून कोरा. रक्तगटाच्या बाबतीत ही अट पाळणं सोपं आहे, कारण थोड्या रक्तावर उत्तर मिळतं आणि म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय अनेक घरांत तीच रचना पुन्हापुन्हा दिसली, तर प्रत्येक घरात नवा दोष उद्भवला असं म्हणणं टिकत नाही. उलट, तीन मुलं असलेल्या वाहक जोडप्याच्या घरात एकही मूल बाधित नसण्याची शक्यता बेचाळीस टक्के असते. तेव्हा सगळं घर कोरं दिसलं म्हणून दोष नाही असंही ठरत नाही. वंशावळ एखादी शक्यता बाद करण्यात पटाईत आहे, सिद्ध करण्यात नाही.

हा फरक उत्तरपत्रिकेपुरता नाही. बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि ते कुठे शोधायचं हे वारशाच्या रीतीवरून ठरतं. लक्षण प्रभावी असतं तर आधी आईवडिलांकडे वळावं लागलं असतं. ते अप्रभावी असल्यामुळे आईवडील बहुधा वाहक असतात आणि त्यांचं रक्त उपयोगाचं नसतं. मुलांमध्येही, जोडीदार नात्यातला नसेल तर, ते सापडण्याची शक्यता शंभरात एक. सख्ख्या भावंडात मात्र ती चारात एक, म्हणजे रस्त्यावरच्या कोणत्याही माणसापेक्षा अडीच हजार पट. म्हणून बॉम्बे गटाचा रुग्ण सापडला की पहिली चौकशी त्याच्या भावाबहिणींची करावी.