न्यूट्रॉनांचा जमाखर्च

सकाळी 7. तारापूर अणुवीज केंद्राचं चौथं युनिट. 540 मेगावॅटचं हे युनिट 2005 पासून वीज देतं आहे. रात्रपाळी निघायची वेळ झाली की पाळीप्रमुख लॉगबुक उघडून येणाऱ्याला रात्रीची हकिकत सांगतो. त्यात एका आकड्याबद्दल हमखास विचारणा होते: झोनमधल्या पाण्याची पातळी किती?

अणुभट्टीत चौदा कप्पे आहेत आणि त्यांत साधं पाणी खेळतं. साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं. कप्प्यातली पातळी वाढली की त्या भागातली शक्ती उतरते, पातळी घटली की चढते. कॉम्प्युटर हे सतत करत असतो, माणूस त्यावर नजर ठेवतो.

न्यूट्रॉनची इतकी काळजी का, तर सगळी मदार त्यांच्यावरच आहे. युरेनियम-235 चा अणू फुटला की सरासरी जवळपास अडीच न्यूट्रॉन सुटतात. त्यांतल्या नेमक्या एकानं पुढचा अणू फोडायला हवा. बाकीचे युरेनियम-238 मध्ये, नळ्यांच्या धातूत, त्या कप्प्यांतल्या पाण्यात शोषले जातात किंवा बाहेर निसटतात. इथलं इंधन नैसर्गिक युरेनियम, म्हणजे त्यात फुटण्याजोगा भाग शेकडा 0.7 इतकाच. न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला जड पाणी वापरतात ते यासाठीच. साधं पाणी वेग उत्तम कमी करतं, पण त्यातले बरेच स्वतःच गिळून टाकतं, आणि एवढ्या तुटपुंज्या इंधनावर साखळी टिकत नाही.

सकाळी 10. फ्युएलिंग मशीनचं काम सुरू होतं. भट्टीत 392 आडव्या नळ्या आहेत. प्रत्येकीत अर्धा मीटर लांबीची तेरा बंडलं एकामागे एक बसवलेली असतात. कोळशाच्या केंद्रात इंधन उष्णतेसाठी घालतात. इथं उष्णतेचा तुटवडा नसतो, कमी पडतात ते न्यूट्रॉन. जुन्या बंडलांत अणू फुटून तयार झालेले तुकडे साठतात आणि न्यूट्रॉन खाऊ लागतात. मग चौदाही कप्प्यांतलं पाणी हळूहळू खाली येतं. सकाळी विचारलेला आकडा हाच. तो फार घसरला, तर शक्ती टिकवायला हातात काही उरत नाही.

म्हणून भट्टी चालू असतानाच इंधन बदलतात. एक मशीन नळीच्या एका टोकाला लागतं, दुसरं समोरच्या. एकीकडून ताजी बंडलं ढकलली की तितकीच जुनी पलीकडच्या मशीनमध्ये येतात. वापर सरासरी दिवसाला डझनभर बंडलांचा. ताजी बंडलं आत गेली की त्या भागातल्या कप्प्याची पातळी लगेच वर सरकते. काम नीट झाल्याची ती पहिली खूण. एखाद्या बंडलाचं आवरण चिरलेलं असेल, तर नळ्यांमधल्या जड पाण्यात किरणोत्सारी आयोडीन वाढतं. मग नळी शोधून ते बंडल आधी बाहेर काढतात.

दुपारी 2. भट्टीची उष्णता सुमारे 1,730 मेगावॅट. त्यासाठी दिवसाकाठी फुटणाऱ्या अणूंचं वजन जेमतेम पावणेदोन किलोंच्या आसपास भरतं. बंडलांवरून जाणारं जड पाणी सुमारे 300 अंश तापतं. दाबामुळे ते उकळत नाही. बाष्पजनित्रात ते नळ्यांच्या आतून जातं, बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ होते. दोन्ही पाण्यांची गाठ पडत नाही. म्हणून टर्बाइनकडे जाते ती स्वच्छ वाफ, सुमारे 250 अंशांची. कोळशाच्या केंद्रातली वाफ याहून कितीतरी तापलेली असते, त्यामुळे इथे उष्णतेतल्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमीची वीज होते. टर्बाइन मिनिटाला 3,000 फेरे घेतं, आणि उरलेली उष्णता कंडेन्सरमधून अरबी समुद्राच्या पाण्यात जाते.

रात्री 11. शहरांची मागणी उतरते, तरी हे युनिट पूर्ण शक्तीवर ठेवणं श्रेयस्कर असतं. अणू फुटल्यावर आयोडीन-135 तयार होतं आणि त्याचं झेनॉन-135 होतं. न्यूट्रॉन गिळण्यात त्याची बरोबरी करणारं क्वचितच काही सापडेल. भट्टी चालू असते तोवर न्यूट्रॉन झेनॉनला संपवतही असतात; शक्ती उतरवली की ते काम मंदावतं आणि झेनॉन वाढतं. भट्टी अचानक ट्रिप झाली की आधीचं आयोडीन मात्र झेनॉन बनवतच राहतं. साधारण अर्ध्या तासात कारण शोधून पुन्हा चालू करता आली तर ठीक, नाहीतर झेनॉन ओसरेपर्यंत दीड दिवस थांबावं लागतं. तेवढ्या वेळात कोणाचीही घाई उपयोगाची नसते.

ट्रिपनंतर आणखी एक गोष्ट थांबत नाही. साखळी तुटली तरी तुकड्यांच्या किरणोत्सारातून पहिल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, म्हणजे शंभरावर मेगावॅट उष्णता निघत राहते. ती तासागणिक घटते, पण इंधनावरून पाणी वाहतं ठेवावंच लागतं. ग्रिडची वीजही गेली तर त्या पंपांसाठी डिझेल जनरेटर आहेत. ते ठराविक दिवशी चालवून पाहतात, आणि चाचणीचा निकाल झोनच्या पातळीशेजारीच लॉगबुकात लिहितात.