वाटीचे वजन

मंचेरियलमध्ये आमच्या घरी तांदळाच्या डब्यात एक स्टीलची वाटी कायम असते. चौघांच्या रात्रीच्या जेवणाला तिने मोजून दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी तूरडाळ निघते. पाहुणा आला की माणशी एक मूठ तांदूळ वाढतो. वजनकाटा लागत नाही, कारण हे सगळे प्रमाण आहे, आणि वाटी तीच असेपर्यंत प्रमाण टिकते.

मात्र वाटी बदलली की हिशेब बदलतो. बाजारात दिसायला सारख्या दोन वाट्यांत सहज दीडपट फरक निघतो. आपली वाटी ओळखायला एक किलोचे तांदळाचे पाकीट पुरते. ते सपाट वाटीने मोजत रिकामे करायचे. आमच्या वाटीने आठ वाट्या भरल्या, म्हणजे एक वाटी सव्वाशे ग्रॅमची. शीग लावून भरले तर तीच वाटी बरेच जास्त घेते, म्हणून काठावरून बोट फिरवून ती सपाट करावी. मग मुठी मोजाव्यात. माझ्या तीन मुठींत ती वाटी भरते, म्हणजे मूठ चाळीसेक ग्रॅमची. मोठ्या हाताच्या माणसाची मूठ वेगळी निघेल.

हे वजन तांदळाचे. तूरडाळ जवळपास तेवढीच भरते, पण ज्वारीचे पीठ हलके असते. सैल भरलेल्या त्याच वाटीत ते ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमच मावते आणि दाबून भरले की वाढते. म्हणून भाकरीचे पीठ वेगळे मोजून पाहावे.

पाण्याला बोटाचे पेर लावतात. तांदळावर बोट टेकवायचे आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी घालायचे. इथे भांडे फसवते. चौदा सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात अडीच सेंटिमीटर उंचीचे पाणी सुमारे ३८५ मिलिलिटर होते, अठरा सेंटिमीटरच्या पातेल्यात तेच ६३५. तांदूळ तेवढेच असतील, तर रुंद पातेल्यात भाताचा गिचका होतो. त्यामुळे पेर फक्त नेहमीच्या पातेल्यापुरते खरे. भांडे बदलले तर पाणीही वाटीनेच घ्यावे. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो, तेव्हा पोते बदलल्यावर पहिल्या दिवशी पाणी थोडे कमीच ठेवावे. भात फडफडीत राहिला तर गरम पाण्याचा हबका देता येतो, गिचका झालेला मात्र सुटा करता येत नाही.

घरोघरीच्या वाट्या सारख्या नसतात, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पद्धतीतही गृहीत धरलेले आहे. तिच्या आहार-सर्वेक्षणात ठरावीक मापांच्या वाट्यांचा संच वापरतात, आणि शिजलेल्या अन्नावरून कच्च्या धान्याचा अंदाज काढतात. या संस्थेच्या आहार-मार्गदर्शनात धान्य आणि डाळी यांचा एक हिस्सा ३० ग्रॅम कच्च्या वजनाचा धरलेला आहे. आमची वाटीभर डाळ चौघांत वाटली की प्रत्येकाला एकतीस ग्रॅम येते, म्हणजे जवळपास एक हिस्सा. दोन वाट्या तांदळाचे माणशी दोन हिस्से होतात.

तेव्हा आज एक पाकीट मोजून पाहा, आणि ज्या वाटीने मोजाल ती डब्यातून दुसऱ्या कामाला काढू नका.