मिक्सर खोक्यातून निघतो त्या क्रमानं

मोबाइलच्या डब्याचं झाकण उचललं की पहिल्यांदा मोबाइलच दिसतो. केबल, सिमची पिन, कागदपत्रं हे सगळं त्याच्या खाली. मिक्सरच्या खोक्यात बहुतेक वेळा उलटं असतं. वर माहितीपुस्तिका, तिच्याखाली झाकणं आणि भांडी, आणि मोटर असलेला जड भाग तळाशी. जड वस्तू वर ठेवली तर वाहतुकीत खोकं कलंडतं आणि खालची भांडी चेपतात, म्हणून ही मांडणी. अनबॉक्सिंगच्या स्क्रिप्टचा साचा मात्र आपल्याकडे सर्रास मोबाइलच्या व्हिडिओंवरून उचलला जातो. मुख्य वस्तू आधी, तिची वैशिष्ट्यं मग, बाकीचं किडुकमिडुक शेवटी. हा साचा मिक्सरवर चढवला की तोंड एक सांगतं आणि हात दुसरंच काढत असतात.

अशी एक स्क्रिप्ट दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली होती. मिक्सर ७५० वॅटचा, सोबत तीन भांडी. लिहिणाऱ्यानं कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून ती लिहिली होती, हे पहिल्या ओळीतच कळत होतं. सुरुवात मोटरीच्या ताकदीनं. मग रंग आणि दिसणं, मग तीन वेगांचा नॉब, मग भांडी, मग भांडं बसवून दाखवणं, त्यानंतर ओव्हरलोड बटण आणि शेवटी वॉरंटी. वाचायला झकास. पण टेबलावर खोकं ठेवून ती मोठ्यानं वाचायला लागलं की पहिल्याच वाक्याला अडायला होतं. ‘ही आहे दमदार ७५० वॅटची मोटर’ म्हणताना हातात असतात प्लास्टिकच्या पिशवीतली झाकणं.

यावर दोन पळवाटा नेहमी काढल्या जातात. एक, हातात येईल ती वस्तू ‘हे आपण नंतर बघू’ म्हणत बाजूला सरकवायची. दुसरी, मोटर आधीच काढून ठेवायची आणि ती खोक्यातून निघतेय असं संकलनात दाखवायचं. पहिलीत बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. दुसरीत, मघाशी टेबलावर असलेलं थर्माकोल पुढच्या दृश्यात पुन्हा खोक्यात दिसतं, आणि चाणाक्ष प्रेक्षक ते पकडतातच. शिवाय कितीतरी लोक असे व्हिडिओ स्वतःचं खोकं समोर ठेवून, मधेमधे थांबवत बघतात. त्यांच्या हातात जे येणार तेच पडद्यावर यायला हवं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात लिखाणानं होत नाही. आधी खोकं एकदा काही न बोलता उघडायचं, ते सलग चित्रित करायचं आणि मग बसून हातांनी काय काय केलं ते लिहून काढायचं. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात हाताची हालचाल, उजवा अर्धा भाग कोरा. आमच्या मिक्सरची डावी बाजू साधारण अशी भरली: खोकं फिरवून छापील मजकूर दाखवला. कटरनं चिकटपट्टी कापली. पुस्तिका आणि वॉरंटी कार्ड काढलं. झाकणांची पिशवी काढली. भांडी एकेक करून बाहेर घेतली. सगळ्यात मोठ्या भांड्यातला पॅकिंगचा कागद काढला. दोन्ही हातांनी मोटरीचा भाग उचलला, पिशवी सोलली, वायर सोडवली. तो आडवा करून तळ बघितला. सरळ ठेवून भांडं बसवलं.

चित्रीकरणासाठी खोकं बहुधा एकच मिळतं, आणि ते एकदाच खऱ्या अर्थानं उघडतं. तालमीत उघडलेलं खोकं पुन्हा चिकटपट्टी लावून ‘पहिल्यांदाच उघडतोय’ म्हणणं मला मान्य नाही. ते खोटं आहे, आणि चिकटपट्टीच्या उचकटलेल्या कडा ते सांगतातही. एकच खोकं असेल तर त्या न बोललेल्या चित्रीकरणालाच अंतिम चित्रीकरण मानावं आणि आवाज मागाहून द्यावा. मग स्क्रिप्टला हातांच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं.

आता उजवी बाजू. इथं फक्त क्रम बदलून भागत नाही. वाक्य हालचालीच्या आधी की नंतर, हेही ठरवावं लागतं. मी एक नियम पाळतो: वस्तू दाखवायची असेल तर शब्द हाताच्या अर्धं पाऊल मागे, सावध करायचं असेल तर अर्धं पाऊल पुढे.

पहिली गोष्ट चटणीच्या भांड्यात दिसते. मूळ स्क्रिप्टमध्ये होतं, ‘आता आपण पाहणार आहोत चटणीचं छोटं भांडं.’ म्हणजे हात खोक्यात असतानाच काय निघणार ते सांगून टाकलं आणि उत्सुकता संपली. नव्या स्क्रिप्टमध्ये भांडं वर येतं, टेबलावर टेकतं, क्षणभर शांतता, आणि मग वाक्य: ‘हे चटणीचं. चार मिरच्या नि मूठभर खोबरं असेल तर मोठं भांडं काढायची गरज नाही.’ डोळ्यांनी ओळखलं, कानांनी दुजोरा दिला.

दुसरी गोष्ट पात्याची. मोठ्या भांड्यातला कागद काढायला हात आत जातो आणि तळाशी धारदार पातं असतं. मूळ स्क्रिप्टमध्ये ‘पाती अत्यंत धारदार’ हे वाक्य गुण म्हणून आलं होतं, तेही कागद काढून झाल्यावर बऱ्याच वेळानं. सोबत खोकं उघडणाऱ्या बाईंचा हात तोवर आत जाऊन आलेला असणार. दुरुस्त स्क्रिप्टमध्ये भांडं हातात धरलेलं असतानाच वाक्य येतं: ‘आत पातं आहे, कागद वरच्या टोकाला धरून ओढा, बोटं तळाशी नेऊ नका.’ वाक्य संपल्यावरच हात आत जातो. माहिती तीच, जागा वेगळी, आणि त्या जागेनं बोट वाचतं.

सर्वांत मोठी उलथापालथ ओव्हरलोड बटणाची झाली. मोटरीवर फार ताण आला की हे बटण उसळून बाहेर येतं आणि वीजप्रवाह तोडतं. मिक्सर एकदम बंद पडतो. ‘जळला’ म्हणून तो दुरुस्तीला नेणारे लोक पुष्कळ आहेत. खरं तर प्लग काढायचा, भांड्यातला माल थोडा कमी करायचा, मोटर थंड होऊ द्यायची आणि बटण परत आत दाबायचं. बटण बहुतेक मिक्सरना तळाला असतं, आणि तिथंच गोची होती. मूळ स्क्रिप्टमध्ये भांडं बसवून झाल्यावर बटणाचा विषय निघत होता. म्हणजे बसवलेलं भांडं काढा, मिक्सर आडवा करा, बटण दाखवा, पुन्हा सरळ करा, पुन्हा भांडं बसवा. ही कसरत टाळायला मूळ लेखकानं माहितीपत्रकातलं चित्र पडद्यावर टाकायचं सुचवलं होतं. पण मिक्सर खोक्यातून निघाल्यावर पिशवी सोलताना तो आपसूक आडवा होतोच. तळ कॅमेऱ्याला सहज दिसण्याची तीच एक वेळ. बटण तिथंच सांगायचं.

तळालाच छापील पट्टीही असते: वॅट, व्होल्ट, मॉडेल आणि अनुक्रमांक. ७५० वॅटचं ते गाजलेलं वाक्य शेवटी इथं आलं, कारण हा आकडा वस्तूवर लिहिलेला इथंच दिसतो. अनुक्रमांकासाठी मी एक धागा मागे नेला. या खोक्याच्या बाजूलाही तोच क्रमांक छापलेला होता, म्हणून चिकटपट्टी कापण्याआधी, खोकं फिरवताना, तो कॅमेऱ्याजवळ धरायचं ठरवलं. कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्षही तिथंच असतो. खोकं फाडल्यावर ही बाजू हाताला लागत नाही. मग तळ दिसताच एवढंच वाक्य: ‘खोक्यावरचा नंबर आणि हा, जुळवून घ्या.’

काही वाक्यांना हालचालच नसते. दोन वर्षांची वॉरंटी दिसत नाही, दिसतं ते कार्ड. म्हणून ती ओळ कार्ड हातात असताना. मिक्सर कंपनीनं फुकट दिला असेल तर ते सांगणं भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे आणि तशी पाटी पडद्यावर दिसावी लागते. तोंडी सांगायचं तर खोकं टेबलावर बंद आणि हात मोकळे असतानाच सांगावं. उरलेली माहिती हातांच्या कंटाळवाण्या वेळात भरायची. वायरीचं वेटोळं सोडवायला वीसेक सेकंद लागतात. सेकंदाला साधारण दोन शब्द धरले तर चाळीस शब्दांची जागा. वापरण्याआधी भांडी धुवा, झाकणाची रबरी रिंग नीट बसली का बघा, हे तिथं मावतं. याउलट मोटरीचा भाग उचलताना एक शब्दही लिहू नये. दोन्ही हात गुंतलेले, बोटानं दाखवता येत नाही, दम थोडा लागलेला असतो आणि तो आवाजात ऐकू येतो.

काही ओळी मी सरळ काढून टाकल्या. ‘वर्षानुवर्षं टिकणारा’, ‘आवाज अगदी कमी’. खोकं उघडताना टिकाऊपणा दिसत नाही आणि बंद मिक्सर आवाज करत नाही. ते महिनाभर वापरून केलेल्या व्हिडिओत सांगता येईल.

अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये मात्र हा क्रम पूर्ण पाळता येत नाही. तयार मिक्सर आधी दोन-तीन सेकंद दाखवावाच लागतो, नाहीतर लोक पुढे सरकतात. ती झलक आहे हे कळेल अशी ठेवावी आणि मग खोक्याकडे यावं. दुसरी अडचण पॅकिंगची. एकाच मॉडेलचं दुकानातलं आणि ऑनलाइन आलेलं खोकं आतून वेगळं असू शकतं, त्यामुळे दुसऱ्याच्या खोक्यावर बेतलेली स्क्रिप्ट आपल्याला लागू पडेलच असं नाही.

स्क्रिप्ट जमली की नाही हे ओळखायला दोन खुणा पुरतात. एक शब्दांत: ‘आधी’, ‘नंतर’, ‘मघाशी’, ‘जरा थांबा’ असे शब्द वारंवार येत असतील तर क्रम अजून चुकतोय. दुसरी माणसात: ज्यानं हे खोकं उघडलेलं नाही अशा कुणाला समोर बसवायचं, स्क्रिप्ट नेहमीच्या वेगानं वाचायची आणि त्याला ऐकत ऐकत उघडायला सांगायचं. आमच्याकडे त्याचा हात एकाच जागी थबकला. भांडं बसवताना. ‘भांडं बसवून फिरवा’ एवढंच लिहिलं होतं, कुठल्या बाजूला ते नव्हतं, आणि आधी भांड्याची खाच मिक्सरच्या खाचेसमोर आणावी लागते हेही नव्हतं. ते वाक्य दोन तुकड्यांत केलं: ‘खाच खाचेसमोर आणून भांडं खाली टेकवा. आता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, अडकल्याचं हाताला कळेपर्यंत.’ दुसऱ्या वाचनात हात थांबला नाही.