एका जेमला किती सोनं?

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ २०१२ मध्ये आला. तो डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत आणि खेळायलाही नाहीत. गावाच्या भिंती, तोफा, बराकी उभारायला लागतं ते गोल्ड आणि एलिक्सर. दोन्ही गेममध्येच मिळतं. त्याशिवाय हिरवे जेम असतात आणि ते मुख्यतः खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात. पहिल्या प्रकाराला या धंद्यात सॉफ्ट करन्सी म्हणतात, दुसऱ्याला प्रीमियम. मग एका जेमला किती गोल्ड, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला एकच एक उत्तर नाही. या गेममध्ये वर्षानुवर्षं रूढ असलेल्या हिशेबाने हजार गोल्ड कमी पडलं तर ५ जेम मोजावे लागत, लाख कमी पडलं तर १२५, दहा लाखांना ६०० आणि एक कोटीला ३,०००. म्हणजे छोट्या तुटीच्या वेळी एका जेमला २०० गोल्ड मिळतं आणि मोठ्या तुटीच्या वेळी ३,३३३. एकाच पडद्यावर, एकाच दिवशी, सोळापटींचा फरक. हा निव्वळ लबाडीचा प्रकार आहे असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला वाटतं, यातला एक भाग दोन चलनांच्या स्वभावातूनच येतो आणि दुसरा भाग मुद्दाम घडवलेला आहे. टीका करायची तर आधी हे दोन भाग वेगळे करायला हवेत.

सॉफ्ट करन्सी फुगण्यासाठीच असते. खाणीतून गोल्ड येत राहतं, दुसऱ्याच्या गावावर हल्ला करून लुटता येतं आणि भिंतींवर, अपग्रेडवर ते खर्च होतं. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला मोरी, आणि दोन्हींचा वेग कंपनीच्या हाती. नवा खेळाडू काही शेकड्यांत आणि हजारांत व्यवहार करतो, मुरलेल्याचं एकेक अपग्रेड कोटीच्या पुढे जातं. दर नव्या टाउन हॉलबरोबर खर्चही वाढतो आणि लूटही. जेमचं असं चालत नाही. तो कोणीतरी पैसे मोजून घेतलेला असतो. काल ४.९९ डॉलरला घेतलेल्या ५०० जेमची किंमत उद्या निम्मी झाली, तर पुन्हा कोण घेईल? झुडपं साफ करून किंवा कामगिऱ्या पुऱ्या करून थोडे जेम फुकट मिळतात, पण हात आखडताच असतो.

आता समजा, कंपनीने सरळपणे एक जेम म्हणजे हजार गोल्ड असा पक्का दर लावला. नवख्या खेळाडूची तूट काही हजारांची असते. एका डॉलरच्या ८० जेममध्ये त्याला ८० हजार गोल्ड मिळेल आणि सुरुवातीचा बराचसा खेळ विकतच उरकेल. उलट एक कोटी हवं असलेल्या जुन्या खेळाडूला दहा हजार जेम लागतील आणि मोठ्यात मोठा पॅक घेऊनही सत्तरेक डॉलर मोजावे लागतील. तो तसं करणार नाही. पक्का दर एकाला फार स्वस्त आणि दुसऱ्याला फार महाग पडतो, म्हणून दराला बाक द्यावा लागतो. जेमने खरेदी होते ती मुळात वेळेची. बांधकामाचा एक मिनिट वाचवायला १ जेम, तासाला २०, दिवसाला २६०, आठवड्याला १,००० हा या गेमचा जुना तक्ता पाहिला, की तोच बाक दिसतो. सात वेळा एकेक दिवस वाचवला तर १,८२० जेम जातात, आठवडा एकदम वाचवला तर हजारच. यावर कोणी म्हणेल, की घाऊक घेणाऱ्याला सूट मिळणारच, त्यात नवल काय? पण ही सूट ग्राहक किती पैसे खर्च करतो यावर ठरत नाही, एका वेळी किती अडलंय यावर ठरते. अपग्रेडला हजार-दोन हजार कमी पडणं हे नेहमीचं, आणि नेमकं तेच सगळ्यांत महाग.

दर अवघड वाटण्याचं दुसरं कारण म्हणजे परतीची वाट नसते. जेमचं गोल्ड होतं, गोल्डचे जेम होत नाहीत. बँकेत डॉलरचे खरेदी आणि विक्रीचे दर वेगळे असले तरी दोन्ही असतात, त्यामुळे मधला भाव कळतो. इथे एकच बाजू आहे. याचंही समर्थन करता येतं: गोल्ड कंपनी वाटेल तेवढं निर्माण करते, त्याचे जेम होऊ लागले तर बॉट लावून रात्रंदिवस गोल्ड खणणाऱ्यांची फौज उभी राहील. तरी दोन्ही बाजू उघडणं अशक्य नाही. ‘गिल्ड वॉर्स २’ मध्ये पैशांनी घेतलेले जेम देऊन गोल्ड घेता येतं आणि गोल्ड देऊन जेमही. दर खेळाडूंच्या मागणी-पुरवठ्यावर वरखाली होतो. खरेदी-विक्रीच्या दरांत मोठी दरी असते आणि आकडा वेडावाकडाच दिसतो, पण त्याला अर्थ असतो: आज लोक खेळण्याच्या तासाला काय भाव देतात, ते त्यातून कळतं.

इथवरचा अवघडपणा मी समजून घेऊ शकते. पॅकच्या आकारांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ मध्ये जेनेसिस क्रिस्टल विकत घ्यायचे, त्यांचे एकास एक प्रिमोजेम करायचे आणि १६० प्रिमोजेम देऊन एक विश, म्हणजे नशिबाचा एक डाव, घ्यायचा. सगळ्यांत लहान पॅक ६० क्रिस्टलचा. त्यात एकही विश होत नाही. तीन घेतले तर १८० होतात, २० उरतात. पुढचा पॅक बोनससकट ३३० चा: दोन विश आणि १० शिल्लक. बरोबर १४ विश होतील असा २,२४० चा पॅक आहे, पण तो तीस डॉलरच्या घरात. उरलेलं वाया जात नाही, पुढे वापरता येतं, असा बचाव केला जातो. खरंच आहे, आणि गोम तिथेच आहे. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर चॉकलेट टेकवतो तेव्हा व्यवहार निदान संपतो. इथली शिल्लक तो अर्धवट ठेवते.

मग सरळ पैशांतच किंमत का लावत नाहीत? कंपन्यांचं उत्तर असं, की अॅप स्टोअरवर एका सेंटची खरेदी होत नाही आणि कमिशनही द्यावं लागतं, म्हणून आधी एकगठ्ठा घेऊन मग थोडंथोडं खर्चणं भाग आहे. हे पटतं, पण त्यातून पाकीट हवं एवढंच सिद्ध होतं, अनोळखी नाणं हवं असं नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी डॉलरला ८० पॉइंट असा दर कित्येक वर्षं चालवला आणि २०१३ मध्ये सोडून देऊन स्थानिक चलन आणलं. स्टीमच्या वॉलेटमध्ये आज भारतीय ग्राहकाला रुपयेच दिसतात.

नियामकांचं लक्ष आता याच जागेवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘गेन्शिन’च्या प्रकाशकाशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली, एकावर एक रचलेल्या चलनांचे विनिमय दर उघड करणं ही तिच्यातली एक अट. मार्चमध्ये युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण जाळ्याने तत्त्वं मांडली: वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दाखवा आणि नको तेवढं चलन घ्यायला भाग पाडू नका. अंमलबजावणीत पहिला प्रश्न येईल तो कोणत्या दराने, हा. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चा जेम ८० च्या पॅकमध्ये सव्वा सेंटला पडतो आणि शंभर डॉलरच्या १४,००० च्या पॅकमध्ये पाऊण सेंटाहून कमी. त्या दहा लाख गोल्डवर एका हिशेबाने ७.४ डॉलरची चिठ्ठी लागेल, दुसऱ्याने ४.३ ची. माझ्या मते मोठी चिठ्ठी लावावी, कारण शंभर डॉलर आधीच भरून बसलेला खेळाडू विरळा, आणि एका अपग्रेडसाठी अडलेल्याला किंमत पडते ती लहान पॅकचीच.